प्रोमो कोडमागचा हिशेब

क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषेवर एक फलक सरकत जातो. त्यावर एका क्रीडाविषयक बातम्यांच्या साइटचं नाव असतं. षटकांच्या मधल्या जाहिरातीत तेच नाव टी-शर्टवर मिरवत एखादा निवृत्त क्रिकेटपटू सांगतो, "ताज्या अपडेटसाठी बघत राहा." मी बरीच वर्षं जाहिरातींचा मजकूर तपासायचं काम केलं. त्यामुळे अशी जाहिरात दिसली की मला आधी पैशांचा प्रश्न पडतो. ही बातम्यांची साइट एवढा खर्च कशातून करते?

बातम्या देणाऱ्याचं उत्पन्न जाहिरातींतून येतं किंवा वर्गणीतून. या साइट उघडून पाहिल्या तर बहुतेक वेळा दोन्ही सापडत नाही. धावफलक, इकडून तिकडून उचललेले चार परिच्छेद, आणि संपादकाचं नाव नाही, कार्यालयाचा पत्ता नाही, एका वार्ताहराचंही नाव नाही. मालाला किंमत नाही, विक्री नाही, आणि तरी देशभर ओळखला जाणारा चेहरा भाड्याने घेतलेला. मग खरा माल दुसरीकडे विकला जात असणार. तो कुठे, हे बोधचिन्हावरून कळतं. सट्ट्याच्या ॲपचा रंग, अक्षरांचं वळण आणि नाव तेच; फक्त पुढे "न्यूज" किंवा "स्पोर्ट्स" जोडलेलं.

केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने हेच ३ ऑक्टोबर २०२२ च्या सूचनापत्रांत लिहिलं होतं. त्याआधी जून २०२२ मध्ये सट्ट्याच्या जाहिराती घेऊ नका असं माध्यमांना सांगून झालं होतं, आणि त्यानंतर बातम्यांच्या साइट पुढे करून त्याच जाहिराती सुरू राहिल्या होत्या. ऑक्टोबरच्या पत्रात फेअरप्ले, परीमॅच, बेटवे, वुल्फ ७७७ आणि 1xBet ही नावं उघड घेतलेली आहेत. सट्ट्याच्या मंचाचं आणि त्या तथाकथित बातमी-साइटचं बोधचिन्ह विलक्षण सारखं आहे, असंही त्यात नमूद आहे.

1xBet चं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. याच्या जाहिरातींत 1xBat हे नाव वापरलं गेलं. एका अक्षराचा फरक, आणि त्या एका अक्षरामुळे क्रिकेटची बॅट आठवावी अशी सोय. प्रेक्षकाने जाहिरातीतलं नाव नंतर फोनमध्ये टाइप करायला घेतलं की पुढचं काम शोधयंत्र करतं. अशा जाहिरातीला लिंक द्यावीच लागत नाही, नाव डोक्यात बसवलं की तिचं काम झालं. अंमलबजावणी संचालनालयाने, म्हणजे ईडीने, नोव्हेंबर २०२५ मध्ये याच प्रकरणात सुरेश रैना आणि शिखर धवन यांची मिळून ११.१४ कोटी रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. रैनाच्या नावावरची ६.६४ कोटींची म्युच्युअल फंड गुंतवणूक आणि धवनची ४.५ कोटींची स्थावर मालमत्ता. दोघांनी परदेशी कंपन्यांशी जाणूनबुजून करार केले आणि 1xBet बरोबर तिच्या आडून चालणाऱ्या नावांचाही प्रचार केला, असं ईडीचं म्हणणं आहे. ते सिद्ध व्हायचं आहे. पण जाहिरात वाचणाऱ्यासाठी यात एक महत्त्वाची गोष्ट आहे: बातम्यांचं नाव घेतलं म्हणून तपास करणाऱ्यांनी ती बातम्यांची जाहिरात मानली नाही.

हा आडमार्ग का घ्यावा लागतो, तर सरळ वाट बंद आहे म्हणून. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आहे, महाराष्ट्रात १८८७ चा स्वतंत्र कायदा आहे. गोव्यातल्या कॅसिनोंना तिथल्या कायद्याने परवाना मिळतो, पण तो त्या जागेपुरता. फोनवरच्या ॲपला त्याचा काही उपयोग नाही. सट्ट्याच्या साइटच्या तळाशी "लायसन्स्ड" असा शिक्का असतो, त्यात बरेचदा कुरासाव या कॅरिबियन बेटाचं नाव असतं. तो परवाना भारतात चालत नाही. रमी आणि फँटसी क्रिकेटवाले "हा कौशल्याचा खेळ आहे" असं म्हणून बरीच वर्षं वेगळे उभे राहिले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांसाठी हा भेद पुसला. त्या कायद्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यानंतर काही दिवसांतच भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम ११ चं नाव गेलं.

जाहिरातीतल्या चेहऱ्याची जबाबदारी ठरवणारा कायदा मात्र त्याआधीचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत दिसणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, आणि वर्षभर कुठल्याही वस्तूची भलामण करायला बंदी घालता येते. सुटकेची वाट एकच ठेवली आहे: ज्याची जाहिरात केली त्याची योग्य ती खातरजमा केली होती, हे दाखवता आलं पाहिजे. माझ्या मते आडून केलेल्या जाहिरातीचा नामवंतांना सगळ्यात मोठा उपयोग इथेच होतो. करारावर बातमी-साइटचं नाव असलं की "मी तर बातम्यांची जाहिरात केली" असं म्हणायला जागा राहते. मला हे पटत नाही. ज्याच्याकडे वकील, व्यवस्थापक आणि हिशेबनीस आहेत, त्याला एका फुकट बातमी-साइटकडे कोट्यवधी कुठून येतात हा प्रश्न पडू नये, हे मी मानायला तयार नाही.

नामवंतांवर निदान बातम्या तरी होतात. मला जास्त काळजी वाटते ती लहान पानांची. माझा भाचा गावाकडच्या गमतीजमतींचे रील करतो, त्याच्या पानाला बऱ्यापैकी प्रेक्षक आहेत, आणि ते जवळजवळ सगळे मराठी आहेत. गेल्या आयपीएलच्या आधी त्याला टेलिग्रामवर एका "ब्रँड मॅनेजर"चा निरोप आला. त्याने तो मला पाठवून विचारलं, "मावशी, स्पोर्ट्स ॲप आहे म्हणतायत. घेऊ का?"

मी त्याला म्हटलं, मजकूर नंतर वाचू, आधी पैसे कसे देणार ते बघ.

कंपनीचं पूर्ण नाव कुठेच नव्हतं, जीएसटी क्रमांक नव्हता. मोबदला रोख किंवा आभासी चलनात मिळणार होता. रील नको, स्टोरी हवी, कारण ती चोवीस तासांत आपोआप नाहीशी होते. "बेट", "सट्टा", "कॅसिनो" हे शब्द लिहायचे नाहीत, "गेम", "आयडी", "प्रेडिक्शन" चालेल. संवाद त्यांनीच मराठीत लिहून दिला होता, "भावांनो" पासून सुरू होणारा. "ही सशुल्क जाहिरात आहे" अशी खूण लावण्याचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि ती लावणं आपल्याकडे बंधनकारक आहे. शेवटी भाच्याच्या पानाच्या नावाचा एक प्रोमो कोड होता.

त्या कोडवर मी त्याला बराच वेळ थांबवलं. मोबदल्याचे दोन पर्याय होते: एकरकमी थोडे पैसे, किंवा कोडवरून आलेल्या माणसांच्या "नेट रेव्हेन्यू"वर ३० टक्के, तेही कायमचे. त्याला वाटलं होतं की कोड म्हणजे प्रेक्षकांना सवलत. ॲपच्या दृष्टीने कोड म्हणजे कुठला गिऱ्हाईक कुणी आणला याची नोंद. आणि नेट रेव्हेन्यू म्हणजे त्या माणसांनी भरलेल्या पैशांतून त्यांनी काढून घेतलेले पैसे आणि दिलेला बोनस वजा केल्यावर जे उरतं ते. साध्या मराठीत, त्यांनी हरलेले पैसे.

आकडे गृहीत धरून मांडून बघितलं. त्याच्या कोडवरून २०० पोरांनी खाती उघडली आणि महिन्यात प्रत्येकजण सरासरी दीड हजार हरला, तर एकूण तीन लाख. त्याचे ३० टक्के म्हणजे ९० हजार भाच्याला. तेच दोनशेजण मिळून त्या महिन्यात जिंकले, तर भाच्याला शून्य. वर आणखी एक ओळ होती, आणि अशा करारांत ती बरेचदा असते: एखाद्या महिन्यात खात्यावर तूट आली तर ती पुढच्या महिन्याच्या कमाईतून वळती होईल. म्हणजे त्याच्या प्रेक्षकांतला कुणी मोठी रक्कम जिंकला, तर ती भाच्याच्या कमाईतून कापली जाणार. स्टोरीत तो "तुम्हीपण जिंका" म्हणणार, आणि त्याचं पोट चालणार ते त्यांच्या हरण्यावर.

"पण सगळेच कुठे हरतात?" त्याने विचारलं.

सगळे नाही, पण सरासरीने हरतातच, कारण ते भावातच बसवलेलं असतं. समजा दोन अगदी तुल्यबळ संघ आहेत. खरा भाव दोघांनाही दोन असायला हवा, शंभर लावले तर दोनशे परत. ॲप दोघांनाही १.९० देतं. दोन्हीकडे शंभर शंभर लागले की ॲपकडे दोनशे जमा होतात आणि जिंकणाऱ्याला १९० जातात. सामना कुणीही जिंको, दहा रुपये ॲपचे. खेळणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर लावलेल्या दर शंभरामागे सरासरी ९५ परत येतात. एका डावापुरतं हे किरकोळ वाटतं. पण कुणी एकच डाव खेळून थांबत नाही, आलेले पैसे पुन्हा लावले जातात. हजार रुपये असे दहा वेळा फिरले की सरासरी सुमारे सहाशे उरतात, वीस वेळा फिरले की साधारण ३६०. यात कुणी लबाडी केली असं मी अजून धरलेलंही नाही. चेंडूगणिक डाव लावायची सोय का दिलेली असते, ते यावरून कळतं: वीस वेळा फिरायला पूर्वी एक मोसम लागला असता, आता एक सामना पुरतो.

बोनसचंही तसंच. "हजार भरा, हजार बोनस" असं मोठ्या अक्षरांत असतं. बारीक अक्षरांत असतं की बोनस काढता येण्याआधी त्याच्या दहापट रकमेचे डाव खेळले पाहिजेत, आणि प्रत्येक डावात निदान तीन सामने एकत्र बांधलेले हवेत, म्हणजे तिन्ही अंदाज बरोबर आले तरच पैसे. दहापट म्हणजे दहा हजारांचे डाव. एकेका सामन्यावर ॲपची पाच टक्के कपात असेल, तर तीन एकत्र बांधल्यावर ती सुमारे १४ टक्के होते, कारण तिन्ही ठिकाणची कपात एकमेकींवर चढते. दहा हजारांवर १४ टक्के म्हणजे १,४०० च्या वर. हजाराचा बोनस सोडवून घेण्यासाठी सरासरी चौदाशे जातात. अटी ॲपगणिक वेगळ्या असतात, पण पट आणि एकत्र बांधायची अट या दोन गोष्टी शोधल्या की हा गुणाकार कुणालाही करता येतो. भाच्याने तो स्वतः फोनवर करून पाहिला, आणि मग त्या मॅनेजरला नकार कळवला. त्याच्या ओळखीच्या दुसऱ्या एका पानाने तीच स्टोरी, त्याच "भावांनो"सह, आठवड्याच्या आत टाकलेली आम्ही दोघांनी पाहिली.

त्या स्टोरीत स्क्रीनचं चित्रीकरण होतं. एक विमान वर चढतंय, आकडा एकपासून दोन, तीन, पाच असा वाढतोय, आणि पोरगा बरोबर वेळेला बटण दाबून पैसे काढतोय. या प्रकारच्या खेळात विमान कधी उडून जाईल हे डाव सुरू होतानाच यंत्राने ठरवलेलं असतं. बघणाऱ्याला मात्र वाटतं की चपळाई असली की जमतं. अशा चित्रफितीत काय दाखवलेलं नाही, ते मी बघते. खात्यात आधी किती पैसे भरले होते ते दिसत नाही. हरलेले डाव दिसत नाहीत. जिंकलेले पैसे ॲपमधल्या आकड्यात दिसतात, पण बँकेच्या खात्यात जमा झाल्याची नोंद तारखेसकट कधी दिसत नाही. प्रचार करणाऱ्यांना दाखवण्यापुरती खोटी शिल्लक असलेली डेमो खातीही दिली जातात. तिथला लाखाचा आकडा बाहेर काढताच येत नाही, आणि हरला तरी कुणाचं काही जात नाही.

कधी कधी तर चेहराही खरा नसतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरची एक चित्रफीत फिरली. त्यात तो एका विमानाच्या गेमचं ॲप सुचवत होता आणि आपली मुलगी त्यातून रोज पैसे कमावते असं सांगत होता. चित्र आणि आवाज दोन्ही बनावट होते. तेंडुलकरने स्वतः समाजमाध्यमावर ते जाहीर केलं आणि मुंबईत गुन्हाही नोंदला गेला. त्या फितीत ओठांची हालचाल आणि शब्द यांचा मेळ नीट बसत नव्हता, पण मी त्यावर अवलंबून राहायला सांगणार नाही, कारण ही कारागिरी दर महिन्याला सुधारते आहे. जास्त भरवशाची खूण साधी आहे: त्या व्यक्तीच्या स्वतःच्या अधिकृत खात्यावर ती जाहिरात आहे का? नामवंताने पैसे घेऊन खरोखर जाहिरात केली असेल तर ती बहुधा त्याच्या पानावर असते. फक्त अनोळखी पानांवरून पैसे भरून पसरवलेली असेल, तर चेहरा चोरलेला असण्याची शक्यता मोठी.

लिंकवर बोट ठेवल्यावर पुढे काय होतं, ते महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणाच्या तपासातून बाहेर आलं. हे ॲप छत्तीसगडमधल्या भिलाईच्या दोघांनी उभं केलं आणि ते दुबईतून चालायचं, असं ईडीने मांडलं आहे. जाहिरातीत व्हॉट्सॲपचा क्रमांक असायचा. संपर्क केला की दोन क्रमांक मिळायचे, एक पैसे भरून पॉइंट घ्यायला आणि दुसरा पॉइंट देऊन पैसे मागायला. खेळणाऱ्याला "आयडी" मिळायचा, आणि तो आयडी सांभाळणारा "पॅनल" आपल्याच देशातल्या कुठल्या तरी शहरात बसलेला असायचा. पॅनल ओळखीपाळखीच्या माणसांना ७०-३० च्या वाटणीवर दिले जायचे. एकंदरीत पॅनलवाल्याचं नुकसान होऊ नये असेच हे खेळ रचलेले होते, असंही ईडीने म्हटलं आहे. म्हणजे वरचा पाच टक्क्यांचा हिशेब हा प्रामाणिक ॲपचा धरला, तर इथे तोही लागू नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रवर्तकांपैकी एकाचं लग्न संयुक्त अरब अमिरातीत रास अल खैमा इथे झालं. त्यावर सुमारे २०० कोटी रुपये रोखीने खर्च झाले, नातेवाइकांना नेण्यासाठी नागपूरहून खासगी विमानं केली आणि मुंबईहून लग्नाचे व्यवस्थापक, नर्तक, सजावटवाले बोलावले, असा ईडीचा दावा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये या प्रकरणात ४१७ कोटींची मालमत्ता गोठवली किंवा जप्त केली गेली, आणि नोव्हेंबरमध्ये महादेवसह २२ ॲप आणि साइट बंद करण्याचे आदेश निघाले.

पैसे भरतानाची एक खूण घराघरात कळायला हवी. अशा ॲपवर यूपीआयने पैसे पाठवताना समोर कंपनीचं नाव येत नाही. एखाद्या माणसाचं किंवा किराणा दुकानाचं नाव येतं, आणि दर वेळी ते वेगळं असतं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. कुठल्या तरी विद्यार्थ्याने किंवा मजुराने थोड्या पैशांसाठी आपलं पासबुक, कार्ड आणि सिम दिलेलं असतं. पोलिसांकडे तक्रार गेली की पहिलं खातं गोठतं ते त्याचं. ज्या बातमी-साइटच्या आडून हे सगळं सुरू झालं, तिच्या नावाचं बँक खातं या साखळीत कुठेच भेटत नाही.

अशा जाहिराती किती आहेत याचा थोडा अंदाज भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे ॲस्कीच्या अहवालावरून येतो. २०२४-२५ मध्ये त्यांनी हाताळलेल्या जाहिरातींपैकी ४३ टक्के परदेशस्थ किंवा बेकायदा सट्ट्याच्या होत्या. ॲस्कीला ७७१००१२३४५ या व्हॉट्सॲप क्रमांकावर जाहिरात पाठवता येते. पैसे गेले असतील तर सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा क्रमांक, आणि तिथे जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. स्टोरी दिसल्यावर आधी स्क्रीनशॉट घ्यायचा, कारण उद्या ती नसेल. त्यात पानाचं नाव, तारीख, प्रोमो कोड आणि लिंकचा पूर्ण पत्ता आला पाहिजे. लिंक उघडायची नाही, बोट दाबून धरून पत्ता नुसता कॉपी करायचा. प्रोमो कोड वगळू नका. साइटचं नाव दर आठवड्याला बदलतं, पण ज्याला कमिशन जातं त्याचा कोड बहुतेक वेळा तोच राहतो, आणि एकाच कोडच्या चार वेगवेगळ्या नावांच्या जाहिराती एकत्र आल्या की त्या एकाच मालकाच्या आहेत हे दाखवता येतं.